पाडव्याला सासऱ्यांचं घड्याळ

दिवाळी पाडव्याला औक्षण झालं की नवरा तबकात ओवाळणी घालतो. त्याला काय द्यायचं, हा प्रश्न मात्र बायकोपुढे दरवर्षी उभा राहतो. हवं ते तो केव्हाच घेऊन बसलेला असतो. ज्युलियन गिवी आणि जेफ गलाक यांनी २०१७मध्ये या अडचणीची एक बाजू अभ्यासली. आठवणींशी जोडलेली भेट आवडेलच याची खात्री नसते, म्हणून देणारे ती टाळतात. घेणाऱ्यांना मात्र ती देणाऱ्यांच्या अपेक्षेपेक्षा जास्त हवी असते.

अशी एक भेट बऱ्याच मराठी घरांत कपाटाच्या खणात पडून आहे: वडिलांचं बंद पडलेलं चावीचं घड्याळ. एचएमटीने सिटिझनच्या सहकार्याने १९६१मध्ये बंगळुरात मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि ‘जनता’सारखी मॉडेलं घरोघरी पोचली. नवऱ्याकडे स्मार्टवॉच असतं, त्यामुळे हे दुरुस्त करून घ्यावं असं त्याच्या मनातही येत नाही.

आधी चावी हलक्या हाताने फिरवून पाहावी. ती नुसतीच फिरत राहिली, घट्ट होईना, तर बहुधा आतली मुख्य स्प्रिंग तुटलेली असते. घट्ट होते पण काटे हलत नाहीत, अशा वेळी बरेचदा वर्षानुवर्षांचं तेल सुकून चिकट झालेलं असतं; घड्याळजी सगळे भाग सुटे करून धुतो आणि नवं तेल घालतो. चालू होऊन ते एकदम पुढे पळू लागलं, तर स्पीकरजवळ वगैरे राहून हेअरस्प्रिंगला चुंबकत्व आलेलं असू शकतं. ते यंत्राने काही सेकंदांत उतरतं.

खरी चूक पुढे होते. ‘नव्यासारखं करून द्या’ म्हटलं की काही दुकानदार डायल रंगवून देतात. जुन्या घड्याळांच्या बाजारात असा भडक रंगवलेला माल ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवला जातो. पिवळट पडलेली डायल आणि मागच्या झाकणावरचे ओरखडे हेच तर वडिलांचं घड्याळ असल्याची खूण! काच प्लास्टिकची असेल तर पॉलिशने उजळते, पट्टा नवा घालावा. डायलला हात लावू नका, हे मात्र बजावून सांगावं. दिवसाला अर्धा-एक मिनिट मागेपुढे झालं तर कुरकुर नको, आणि पाण्यापासून ते जपावं लागेल, हे नवऱ्यालाही सांगावं.

सासूबाईंना आणि दिरा-नणंदांना आधी विचारणं आलंच, कारण त्या घड्याळावर त्यांचाही हक्क आहे. बापलेकांचं कधी पटलंच नसेल, तर हा बेत सोडलेला बरा.

एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६मध्ये घेतला. सुटे भाग आता बरेचदा दुसऱ्या जुन्या घड्याळातून काढावे लागतात, त्यामुळे पाडव्याच्या महिनाभर तरी आधी घड्याळजीकडे जा.