चीर बोंडाला, चूक बाळाच्या घासात

अंगावर पाजताना बोंडाला चीर पडली की घरात पहिली शोधाशोध होते ती लावायच्या औषधाची. कोणी तूप सुचवतं, कोणी खोबरेल तेल, कोणी मेडिकलमधून मलम घेऊन येतं. पण बाळ ज्या पद्धतीने छातीला लागतंय ती तशीच राहिली, तर चीर प्रत्येक पाजण्यात नव्याने उघडते. दिवसातून आठ-दहा वेळा घासली जाणारी जखम नुसत्या मलमाने भरणार नाही. म्हणून आधी बाळाच्या तोंडाकडे पाहायचं आणि नंतर कातडीकडे.

बाळाच्या टाळूचा पुढचा भाग कडक हाडाचा असतो आणि घशाकडचा मागचा भाग मऊ. घास खोल असला की बोंड मागे मऊ टाळूपर्यंत पोचतं. मग जीभ खालच्या काळ्या भागावर दाब देते, दूध निघतं आणि बोंडाला घर्षण होत नाही. बाळाच्या तोंडात नुसतं बोंडच आलं, तर ते जीभ आणि कडक टाळू यांच्यामध्ये चिरडलं जातं. आईला कळा येतात. शिवाय दूधही कमी निघतं, म्हणून बाळ तासभर चोखूनही उपाशीच राहतं आणि लगेच परत मागतं. ‘दूध पुरत नाही’ ही तक्रार आणि चिरा अनेकदा एकाच वेळी सुरू होतात, त्याचं कारण हे.

माहेरी बाळंतपणाला आलेली एक पहिलटकरीण समजा. चौथा दिवस आहे, दूध उतरून छाती दाटली आहे आणि डाव्या बोंडाच्या टोकावर आडवी चीर पडली आहे. बाळाने छाती सोडली की बोंड गोल न दिसता तिरपं, चपटं दिसतं. पहिल्या काही सेकंदांची ओढ सुरुवातीच्या दिवसांत बऱ्याच जणींना जाणवते आणि ती थांबते. हिला मात्र शेवटपर्यंत दुखतं. ही दोन्ही लक्षणं उथळ घासाची आहेत.

तिने आधी हाताने थोडं दूध काढावं. छाती तट्ट फुगलेली असली की काळा भाग ताणलेला राहतो आणि बाळाला तो तोंडात घेता येत नाही. तो मऊ झाला की पाठीला टेका देऊन बसावं. डाव्या बाजूला पाजताना बाळ उजव्या हातावर घ्यावं. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून प्यायला लागलं तर ते खोल घास घेऊच शकत नाही. उजव्या तळव्याने बाळाचे खांदे धरावेत, अंगठा आणि बोटं कानांच्या मागे ठेवावीत. डोकं मात्र दाबू नये, दाबलं की बाळ मागे रेटा देतं.

डाव्या हाताने छातीला खालून आधार द्यावा. अंगठा बाळाच्या नाकाच्या बाजूला, बोटं हनुवटीच्या बाजूला, आणि दोन्ही काळ्या भागापासून दूर. मोठा वडापाव खाताना आपण तो ओठांना समांतर दाबून धरतो, तसाच हा दाब बाळाच्या ओठांना समांतर हवा. दोन बोटांच्या कात्रीत बोंड धरून तोंडात देण्याची सवय मोडावी, कारण ती बोटंच बाळाच्या तोंडाच्या वाटेत येतात.

आता बाळाचं नाक बोंडासमोर आणायचं, बोंड वरच्या ओठाला हलकेच लावायचं आणि थांबायचं. जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की त्याच क्षणी बाळाला छातीकडे आणायचं, आधी हनुवटी टेकवून. आई पुढे वाकली की बोंड पुन्हा ओठांतच अडकतं आणि तिची पाठही दुखू लागते.

घास बरोबर लागला की चार गोष्टी दिसतात. तोंड मोठं उघडलेलं असतं, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, हनुवटी छातीला टेकलेली असते आणि काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाच्या वर जास्त, खाली कमी दिसतो. थोड्या वेळाने चोखण्याची गती संथ होऊन गिळण्याचा आवाज येतो. सुरुवातीची ओढ ओसरल्यावरही दुखत असेल, तर सहन करत बसू नये. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सारून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं. नुसतं ओढून काढलं तर चीर वाढते. सिझेरियन झालं असेल तर कुशीवर झोपून किंवा बाळाला काखेखाली घेऊन पाजलं तर टाक्यांवर भार येत नाही.

जखमेची निगा त्यानंतरची, आणि ती अगदी साधी आहे. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन-चार थेंब बोंडावर पसरून वाऱ्यावर सुकू द्यावेत. हवं तर शुद्ध लॅनोलिनचा पातळ थर लावावा, पाजण्याआधी तो पुसावा लागत नाही. अंघोळीच्या वेळी साधं पाणी पुरे. साबण आणि डेटॉलने कातडी आणखी कोरडी पडते. मध, बोरिक पावडर आणि बधिर करणारी मलमं लावू नयेत, कारण ती बाळाच्या तोंडात जातात. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला कोणत्याही वाटेने द्यायचा नाही. ओले पॅड लगेच बदलावेत.

पाजणं अचानक बंद केलं तर दूध साठून गाठी होतात. म्हणून कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करावी. एखाद्या बाजूला लावणं असह्यच झालं, तर त्या बाजूचं दूध दर दोन-तीन तासांनी हाताने स्वच्छ वाटीत काढून वाटी-चमच्याने पाजावं. चिरेतलं थोडं रक्त दुधातून पोटात गेलं, तर बाळाच्या उलटीत किंवा शीत त्याचे अंश दिसू शकतात. त्याने बाळाला अपाय होत नाही. पण चीर नसताना रक्त दिसलं तर डॉक्टरांना दाखवावं.

घास सुधारला की दुखणं बहुधा लगेच कमी होऊ लागतं, चीर भरायला मात्र काही दिवस जातात. दोन-तीन दिवसांत काहीच उतार नसेल तर दुसरं कारण शोधायला हवं. बाळाची जीभ खालून आखडलेली असेल तर घास नीट लागत नाही, ते डॉक्टर तपासून सांगतात. बोंड चकचकीत गुलाबी होऊन पाजल्यानंतरही आग होत असेल आणि बाळाच्या तोंडात पुसून न जाणारे पांढरे चट्टे असतील, तर बुरशीची शंका येते. अशा वेळी आई आणि बाळ, दोघांनाही एकदमच औषध लागतं. पाजून झाल्यावर बोंड पांढरं पडून मग निळसर किंवा लाल होत असेल, तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसत असतात. तेव्हा लगेच ऊब द्यावी आणि डॉक्टरांना सांगावं.

काही वेळा थांबायचंच नसतं. ताप, थंडी आणि छातीवर गरम, लाल, दुखरा पट्टा, चिरेतून पू, किंवा न विरघळणारी गाठ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. बहुतेक वेळा तेव्हाही पाजणं चालू ठेवायचं असतं. बाळाकडेही लक्ष हवं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी, सतत झोपेत राहून पिण्याचा कंटाळा, वाढती कावीळ, किंवा दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

दवाखान्यातून घरी जाण्याआधी सिस्टरना एक अख्खं पाजणं शेजारी बसून पाहायला सांगावं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी घरी येतात. त्यांनाही बाळाला छातीला लावून दाखवावं. ‘दूध येतंय ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून भेट संपवली, तर घासातली चूक कोणाच्याच नजरेला पडत नाही.