वारं किती वाजता गेलं?

‘वडिलांचं तोंड वाकडं झालं म्हणून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिले, शेवटचे नीट कधी दिसले होते? उपचार सोडून ही चौकशी कशाला?’ एका वाचकाचा हा त्रासिक प्रश्न. उपचार त्या उत्तरावरच ठरत असतो.

समजा, आजोबा रात्री साडेदहाला झोपले. साडेसहाला आजीने चहा दिला तर कप डाव्या हातातून निसटला, ओठाचा कोपरा ओघळला, शब्द जडावले. घड्याळ साडेसहाला सुरू झालं असं आपण धरतो. डॉक्टर साडेदहाच धरतात, कारण झोपेत काय घडलं कोणी पाहिलेलं नाही. मेंदूतली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साधारण साडेचार तासांची. ती पहाटे तीनलाच संपली! पण आजीला आठवलं, पाचला ते उठून बाथरूमला गेले होते, ‘पाणी आलं का गं?’ असं स्वच्छ विचारलंही होतं. एवढ्या एका वाक्याने मुदत साडेनऊपर्यंत गेली.

या मुदतीमागचं कोडं लंडनमध्ये लिंडसे सायमन, येन्स आस्ट्रप आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात बबून माकडांवर सोडवलं. मेंदूच्या १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते विसाच्या खाली आलं की पेशींचे विद्युतसंदेश थांबतात. पण पेशी मरत नाहीत. त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडू लागतं ते प्रवाह आणखी, दहाच्या आसपास घसरल्यावर. या दोन उंबरठ्यांमधल्या, गप्प पण जिवंत पेशींच्या पट्ट्याला त्यांनी ग्रहणातला शब्द दिला : उपच्छाया. (वैद्यकाने खगोलाकडून घेतलेली इतकी चपखल उसनवारी मला दुसरी ठाऊक नाही.) आजोबांचा लुळा हात म्हणजे सगळा मेलेला मेंदू नव्हे, त्यातला बराचसा मुका झालेला असतो. मात्र ही उपच्छाया गडद होत जाते. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. तेल चोळण्यात गेलेली वीस मिनिटं या दराने मोजून बघा.

‘आता २४ तासांपर्यंत उपचार होतात’ असंही वाचायला मिळतं. ते मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढण्याबद्दल आहे, आणि तेही स्कॅनमध्ये उपच्छाया शिल्लक दिसली तरच. घरी अ‍ॅस्पिरिनही देऊ नये. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही, सीटी स्कॅनच सांगतो; शिवाय गिळण्याचे स्नायू लुळे असतील तर गोळी-पाणी श्वासनलिकेत जातं. तेव्हा १०८ला फोन करायचा आणि सीटीची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं.

आणि हात दहा मिनिटांत आपोआप हलू लागला तर? गुठळी सरकली, मुक्या पेशी बोलू लागल्या. ती जिथून सुटली ती जागा मात्र तशीच आहे, आणि पुढचा झटका बरेचदा दोन दिवसांच्या आतच येतो. हात हलला तरी त्याच दिवशी जायचं.