विहिरीतला मृतदेह: बुडून मृत्यू की मृत्यूनंतर पाण्यात?

विहिरीतून काढलेल्या मृतदेहाच्या तळहातांची कातडी पांढरी व सुरकुतलेली असते, अंगावर काटा दिसतो. उत्तरपत्रिकेत हीच बुडण्याची खूण म्हणून लिहिली जाते, आणि ती मोठी चूक आहे. देह पाण्यात होता, एवढेच त्यातून कळते. आधी मारून टाकलेल्या देहातही हे बदल होतात. जिवंतपणी बुडाल्याचे सांगायला श्वास चालू असल्याचा पुरावा हवा. नाकातोंडाशी येणारा पांढरा, बारीक, चिवट फेस तो पुरावा देतो. पुसला तरी छाती दाबल्यावर तो पुन्हा येतो, कारण श्वासाच्या धडपडीत पाणी, हवा आणि श्लेष्मा घुसळले गेलेले असतात. फुगलेली, बरगड्यांचे ठसे उमटलेली फुफ्फुसे आणि मुठीत घट्ट आवळलेले शेवाळ त्याला बळ देतात.

फेस अफूच्या विषबाधेतही येतो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मांडीच्या हाडातील मज्जेत डायटम, म्हणजे सिलिकाचे कवच असलेली सूक्ष्म शैवाले, शोधतात. हृदय धडधडत असेल तरच ती फुफ्फुसातून रक्तावाटे तिथवर पोहोचतात. मात्र त्याच विहिरीच्या पाण्याचा नमुना घेऊन जाती जुळवाव्याच लागतात, नाहीतर अस्वच्छ काचसामानातली डायटमही पुरावा ठरतील. उलट पाण्यातच ती कमी असतील किंवा स्वरयंत्र आवळल्याने पाणी आत गेलेच नसेल, तर मज्जा कोरी निघते. तेवढ्यावरून ‘बुडून मृत्यू नाही’ असे लिहू नये.