अडकलेले पैसे आणि रोजचे शंभर रुपये

मागच्या व्याख्यानानंतर कळंबच्या एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, एटीएममधून पैसे निघाले नाहीत, खात्यातून मात्र कापले गेले. पंधरा दिवसांनी परत आले. बँकेने काही देणं लागतं का?" लागतं. आणि ते मागण्याचीही गरज पडू नये, असा नियम आहे. आज तेवढंच बघू या.

रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 रोजी एक परिपत्रक काढलं. ते 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू झालं. ग्राहकाची चूक नसताना व्यवहार अर्धवट राहिला, म्हणजे लाइन तुटली, मशीनमध्ये नोटा नव्हत्या, वेळ संपून व्यवहार बंद पडला, तर पैसे किती दिवसांत परत यायला हवेत हे त्यात ठरवून दिलंय. मुदत ओलांडली की दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. रक्कम पाचशे असो की दहा हजार, शंभर म्हणजे शंभरच.

आमच्याच बाबतीत घडलेलं सांगतो. महिन्याच्या 3 तारखेला तुळजापूरला एका एटीएममध्ये आम्ही दहा हजार रुपये काढायला गेलो. मशीन घरघरलं, नोटा आल्या नाहीत, आणि मोबाईलवर पैसे कापल्याचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी धाराशिवला आमच्या शाखेत गेलो, तर काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "सात वर्किंग डे थांबा, काका." त्यांचा दोष नाही, हा जुना नियम लोकांच्या तोंडात बसलाय. 2011 पासून एटीएमसाठी सात कामकाजाचे दिवस अशीच मुदत होती. शिवाय तीस दिवसांच्या आत तक्रार केली तरच भरपाई मिळायची. 2019 च्या नियमाने या दोन्ही गोष्टी बदलल्या. आता व्यवहाराच्या तारखेनंतर पाच दिवस, आणि तेही कॅलेंडरचे. रविवार, सण, सगळे धरून. भरपाई बँकेने तक्रारीची वाट न बघता स्वतःहून खात्यात टाकायची.

मग आमचा हिशोब असा. व्यवहार 3 तारखेचा, मुदत 8 तारखेला संपली. पैसे आले 20 तारखेला. आठनंतर वीसपर्यंत बारा दिवस, म्हणून बाराशे रुपये. दहा हजार आले, बाराशे आले नाहीत. बहुतेक माणसं इथेच थांबतात. मुद्दल आलं, सुटलो एकदाचे! पण उशीर झाला होता, आणि त्याची किंमत नियमानेच ठरवलेली होती.

आम्ही आमच्या बँकेला अर्ज दिला. ज्या बँकेचं एटीएम होतं तिला नाही, हे लक्षात ठेवा. तुमचं नातं कार्ड देणाऱ्या बँकेशी असतं, त्या दोघी आपसात बघून घेतील. अर्जात तारीख, वेळ, रक्कम, एटीएमचा क्रमांक, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, पैसे परत आल्याची तारीख आणि वरचा हिशोब लिहिला, पासबुकाची झेरॉक्स जोडली, पोचपावती घेतली. बाराशे जमा झाले.

यूपीआयचं थोडं वेगळं आहे, आणि इथे गल्लत होते. तुम्ही पोराला लातूरला पैसे पाठवलेत, तुमच्या खात्यातून गेले, त्याला पोचले नाहीत, तर मुदत फक्त एका दिवसाची. पण दुकानदाराला स्कॅन करून दिलेत, पैसे गेले आणि दुकानदाराला मात्र खात्रीचा संदेश आला नाही, तर पाच दिवस. म्हणून अर्जात "यूपीआय केलं" एवढं लिहून भागत नाही. व्यक्तीला दिले की दुकानाला, हे लिहायला हवं.

आता मर्यादा. चुकीचा नंबर टाकून पैसे भलत्याच माणसाला गेले, तर तो व्यवहार फसलेला नाही, तो पूर्ण झालाय. फसवणुकीने गेलेल्या पैशांचे नियमही निराळे. (आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, पण व्याख्या किती महाग पडू शकते ते बँकेत कळलं.) आणि बँकेने सांगितलं की "आमच्या नोंदीप्रमाणे नोटा निघाल्या", तर वाद दिवसांचा राहत नाही, नोटा निघाल्या की नाही याचा होतो. अशा वेळी मशीनची व्यवहार-नोंद आणि त्या दिवशीच्या रोकड ताळ्यात रक्कम जास्त निघाली का, हे लेखी विचारा. कॅमेऱ्याचं चित्रणही लगेच मागा, कारण ते कायमचं ठेवत नाहीत.

बँकेने नकार दिला, किंवा तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी मुंबईला खेटे घालायला नकोत. cms.rbi.org.in वर तक्रार भरता येते, फी नाही, वकील लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो. ती पोचपावती म्हणूनच जपून ठेवायची.