‘येतोय बॉंड, काका’

सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी विमा कंपनीला लिहिलेल्या पत्राची प्रत माझ्यासमोर आहे. त्यातली बहुतेक जागा एजंटनं अडवली आहे. तो ओळखीतला होता, दर वर्षी घरी येऊन चोवीस हजार रोख न्यायचा आणि पॉलिसीचा बॉंड मागितला की ‘येतोय, काका’ म्हणायचा. संताप रास्तच आहे, पण कामाची ओळ अगदी शेवटी सापडते: पहिल्या वर्षी कंपनीची छापील पावती मिळाली, पुढची दोन वर्षं एजंटनं व्हिजिटिंग कार्डामागे रक्कम लिहून सही केली.

पत्राची सुरुवात याच ओळीनं व्हायला हवी होती. छापील पावतीवर पॉलिसी नंबर असेल, तर पॉलिसी निघालेली आहे आणि बॉंड वाटेत कुठेतरी अडकला आहे. अर्जावर पत्ता, मोबाइल किंवा ईमेल एजंटनं स्वतःचाच भरला असेल, तर तो त्याच्याकडेच पोहोचलेला असतो. म्हणून कंपनीला लेखी विचारावं: माझ्या नावावर कोणती पॉलिसी आहे, कोणता पत्ता नोंदला आहे, बॉंड कधी आणि कसा पाठवला, त्याची पोच कोणाच्या सहीची आहे? बॉंड हातात पडल्यापासून पॉलिसी परत करायला तीस दिवस मिळतात. त्यामुळे तो आजवर मिळालाच नाही, हे पत्रात स्पष्ट यावं आणि उशिरा मिळाला तर मागची तारीख टाकून सही करू नये.

कार्डामागच्या दोन हप्त्यांचं प्रकरण अवघड आहे. एजंटनं कंपनीच्या वतीनं घेतलेला हप्ता सुट्ट्या वगळून चोवीस तासांत कंपनीकडे पोहोचवावा, असं विमा कायदा सांगतो. पण सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात ग्राहकानं जून १९८७ मध्ये एजंटला बेअरर चेक दिला होता. ऑगस्टमध्ये ग्राहक अपघातात गेला आणि हप्ता त्यानंतर जमा झाला. हप्ते घेण्याचा अधिकार एलआयसीनं त्या एजंटला दिलेलाच नव्हता, त्यामुळे त्याला दिलेले पैसे एलआयसीला दिले असं धरता येत नाही, असा निकाल १९९७ मध्ये लागला. अधिकार होता की नाही, हे दाखवणारी कागदपत्रं म्हणूनच मागायची.

पत्र शाखेत देऊन प्रतीवर शिक्का घ्यावा, एक प्रत कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी नाही, वकीलही चालत नाही. एजंटनं पैसे भरलेच नाहीत असं कंपनीनं लेखी कळवलं, तर तोच कागद घेऊन पोलिसांत तक्रार करायची.