शिफारसपत्र आणि पाचशे अक्षरांचा रकाना

परीक्षेचे निकाल लागले, की आमच्या स्टाफरूमच्या दाराशी मुले येऊन उभी राहतात. 'सर, शिफारसपत्र हवंय.' पूर्वी कॉलेजचे लेटरहेड घ्यायचे, पानभर मजकूर लिहायचा, खाली सही-शिक्का, की काम झाले. आता बऱ्याच शिष्यवृत्तींचे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात आणि शिक्षकाच्या वाट्याला येतो एक छोटासा रकाना. खाली बारीक अक्षरांत सूचना असते : कमाल ५०० अक्षरे. पानभर लिहायची सवय झालेल्या माझ्यासारख्या माणसाची इथे मोठी पंचाईत होते.

पहिल्यांदा हा रकाना समोर आला, तेव्हा मी माझे नेहमीचे पत्र उचलून त्यात चिकटवले आणि 'सबमिट'चे बटण दाबले. पुढे त्या मुलाने अर्जाची छापील प्रत आणून दाखवली. रकान्याने पाचशे अक्षरांनंतरचा मजकूर गुपचूप कापून टाकला होता. उरलेल्या मजकुराचे शेवटचे शब्द होते, 'इंग्रजी बोलण्याचा त्याला सराव नाही, पण'. त्या 'पण'च्या पुढेच सगळे चांगले लिहिलेले होते! मुलाला शिष्यवृत्ती मिळाली नाही. ती माझ्या 'पण'मुळेच गेली असे म्हणता येणार नाही; तरी त्या मुलाच्या नजरेला नजर देताना मला जड गेले.

तेव्हापासून मी हे काम जरा निगुतीने करतो. अलीकडचेच एक उदाहरण सांगतो. बी.एस्सी. झालेल्या एका विद्यार्थिनीसाठी मी आधी नेहमीसारखे पूर्ण पत्र लिहिले. सुमारे चारशे शब्द झाले. लहान मजकूर हवा असला तरी आधी मोठे पत्र लिहावे, असे माझे मत आहे. आपल्याला त्या मुलीबद्दल नेमके काय ठाऊक आहे, ते लिहिता लिहिताच आठवते.

मग तिच्याकडून संपूर्ण अर्ज मागवून घेतला. हे फार थोडे शिक्षक करतात. अर्जात टक्केवारीला वेगळा रकाना होता, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता, एन.एस.एस. शिबिराचे प्रमाणपत्रही. म्हणजे माझ्या पत्रातले गुणांचे, घरच्या परिस्थितीचे आणि शिबिराचे असे तीन परिच्छेद समितीच्या हातात आधीच होते. ते सरळ खोडले. (घरची हलाखी तर मुलीला न विचारता आपण लिहूच नये.) आमच्या कॉलेजची ओळख करून देणारा परिच्छेदही गेला. अर्ज कॉलेजचा नव्हता, मुलीचा होता.

राहिलेल्या वाक्यांना एकच प्रश्न विचारला : हे वाक्य तिच्या वर्गातल्या दुसऱ्या कुणाबद्दल लिहिता आले असते का? 'ती हुशार, कष्टाळू व प्रामाणिक आहे.' लिहिता आले असते, दहा जणांबद्दल. 'तिची वर्तणूक उत्तम आहे.' तेही तसेच. अशी वाक्ये गाळत गेलो, तेव्हा हाती एक प्रसंग उरला.

प्रसंग असा. प्रयोगशाळेत आम्लाची तीव्रता काढायचा प्रयोग चालू होता. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण होते. हे द्रावण बरेच दिवस राहिले, की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि हळूहळू सौम्य होते. त्या दिवशी नेमके जुने द्रावण आले होते. जिथे दहा मिलिलिटर लागायचे, तिथे साडेदहाच्या पुढे लागत होते. मुलांना 'बरोबर' उत्तर ठाऊक असते. त्यांनी वहीत दहा लिहून टाकले. या मुलीने आलेला आकडा तसाच लिहिला. दुसऱ्या दिवशी येऊन ऑक्झॅलिक आम्ल वापरून तिने त्या द्रावणाची तीव्रता तपासली आणि बाटलीवरची चिठ्ठी खोटी पडते, हे मला दाखवले.

समितीला रसायनशास्त्राचा हा तपशील नको असतो. सोडियम हायड्रॉक्साइड, ऑक्झॅलिक आम्ल, मिलिलिटर हे सारे गाळले तरी मुलीने काय केले ते कळते. जे गाळून चालत नाही, ते वेगळेच : मी तिला किती काळ आणि कुठे पाहिले, किती जणांत ती वेगळी ठरली आणि माझ्या अनुभवात असे किती विद्यार्थी आले. हे आकडे नसतील, तर प्रसंग नुसतीच गोष्ट वाटतो.

शेवटी रकान्यात गेलेला मजकूर असा होता :

'ही विद्यार्थिनी २ वर्षे माझ्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक वर्गात होती. एका प्रयोगात सर्वांची उत्तरे अपेक्षेपेक्षा वेगळी येत होती. २४ जणांपैकी २३ जणांनी आकडे जुळवून लिहिले. हिने आलेला आकडा तसाच ठेवला, दुसऱ्या दिवशी द्रावणाची तीव्रता स्वतः तपासली आणि बाटलीवरची चिठ्ठी चुकीची असल्याचे दाखवून दिले. १४ वर्षांत असे करणारे विद्यार्थी मला ३ भेटले. इंग्रजी बोलताना अडखळणारी ही मुलगी इंग्रजी पुस्तकावरून प्रयोग मात्र स्वतः मांडते. एम.एस्सी.साठी मी तिची निःसंकोच शिफारस करतो.'

यात इंग्रजीचा उल्लेख ठेवावा की नाही, यावर मी बराच विचार केला. चारशे शब्दांच्या पत्रात उणिवेचे एक वाक्य खपून जाते. सात वाक्यांच्या परिच्छेदात तेच वाक्य सातवा हिस्सा अडवते आणि उगीच मोठे दिसते. पण मुलाखतीत ती अडखळणारच होती, आणि माझ्या पत्रात त्याचा पत्ता नसता तर समितीने बाकीच्या मजकुरावर तरी विश्वास का ठेवावा? म्हणून उल्लेख ठेवला, फक्त 'पण' काढला. 'अडखळणारी ही मुलगी' अशी रचना केली, की वाक्य तिथे संपूच शकत नाही. शेवटचे वाक्य मुद्दाम औपचारिक ठेवले. कात्री लागलीच तर तेवढेच जावे, बिघडत काही नाही.

आता मोजणीविषयी. संगणकाचे अक्षर आणि आपले अक्षर एक नाही. 'विद्यार्थिनी' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. संगणक मात्र काना, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त असे सारे सुटे धरतो आणि बारा मोजतो. दोन शब्दांमधली मोकळी जागाही तो मोजतो. त्यामुळे पाचशे अक्षरांत आपले जेमतेम साठ-सत्तर शब्द मावतात. वरचा परिच्छेद संगणकाच्या हिशोबाने पावणेपाचशेच्या आत आहे. वीस-तीस अक्षरांची जागा मी मोकळीच ठेवतो, कारण काही अर्जांत नवी ओळ घेतली, की तीही मोजली जाते. काही जुन्या प्रणाली तर अक्षरांऐवजी बाइट मोजतात. त्यांच्या लेखी देवनागरीतले एकेक चिन्ह तिनाच्या हिशोबात जाते, आणि पाचशेचा रकाना दीडशेच्या वर थोडक्यातच भरतो. मजकूर चिकटवल्यावर निम्माच दिसला, तर समजावे की ही भानगड आहे. मग विद्यार्थिनी कोण, तिने काय केले आणि किती जणांत केले, एवढीच दोन वाक्ये ठेवावीत.

जागा पुरत नाही म्हणून काही जण वाक्यांतली क्रियापदे खाऊन तारेची भाषा करतात : 'मुलगी हुशार. प्रयोग उत्तम. शिफारस.' त्यापेक्षा एक मुद्दा अख्खा काढून टाकावा आणि राहिलेला नीट, पूर्ण वाक्यांत सांगावा.

अर्ज जतन केला, की मी तो पुन्हा उघडतो आणि रकान्यातले फक्त शेवटचे वाक्य वाचतो. ते पूर्णविरामापर्यंत आले असेल तरच 'सबमिट' करतो. मोठे पत्र मात्र टाकून देत नाही. तारीख घालून फायलीत ठेवतो. या मुलीच्या वेळी निवड समितीतल्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी विचारले, 'त्या बाटलीत नेमकं काय होतं?' मी फाइल काढली आणि सोडियम हायड्रॉक्साइडपासून सुरुवात केली.