केळी, केली आणि गळालेलं ‘नाही’

समजा, रावेरकडचा एक केळी बागायतदार मोबाइलसमोर उभा राहून सांगतोय : “केळीच्या ड्रिपचं प्रेशर कमी वाटलं, तर आधी फिल्टर उघडून बघा. लगेच ॲसिड सोडायचं नाही.” व्हिडिओखाली आपोआप मजकूर उमटतो : “केली चा ड्रिप चा प्रेशर कमी वाटला तर आधी फिल्टर उघडून बघा. लगेच ॲसिड सोडायचं.” ज्याला ऐकू येत नाही, किंवा जो एसटीत आवाज बंद ठेवून बघतोय, त्याच्यापर्यंत नेमका उलटा सल्ला पोचला.

हे असं का होतं, ते यंत्र काय करतं यावरून कळतं. आवाजाची सेकंदाला साधारण 16 हजार वेळा मोजणी होते. मग त्याचे 25 मिलिसेकंदांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे पाडून प्रत्येकात कोणत्या पट्टीत किती जोर आहे, याचा नकाशा तयार होतो. या नकाशावरून यंत्र अक्षरांचा एकेक पुंजका अंदाजाने लिहीत जातं. अंदाज दोन गोष्टींवर ठरतो : आत्ता ऐकलेला आवाज आणि आधी लिहून झालेले शब्द. त्यामुळे आवाज अस्पष्ट असला की यंत्र जागा रिकामी सोडत नाही, शिकताना जे जास्त वेळा भेटलं त्याकडे झुकतं. 2022 मध्ये आलेलं ‘व्हिस्पर’ हे मॉडेल 6 लाख 80 हजार तासांच्या आवाजावर शिकवलं गेलं, पण त्यातला सुमारे दोन-तृतीयांश भाग इंग्रजीचा होता. उरलेल्यात मराठीच्या वाट्याला फारच थोडं आलं.

आता आपलं वाक्य पुन्हा बघा. भाषा सांगितली नाही, तर व्हिस्पर पहिल्या 30 सेकंदांवरून ती ओळखतं आणि पुढची सगळी फाइल त्याच भाषेत लिहितं. सुरुवातीला “हाय फ्रेंड्स, वेलकम टू माय चॅनल” असं बोलणं झालं की घोळ तिथेच सुरू होतो. आवाज हिंदी समजला गेला, तर हिंदी लिखाणात ‘ळ’ जवळपास नसल्यामुळे केळीची ‘केली’ होते. ‘ड्रिपचं’ हा शब्द तर इंग्रजीच्या शिकवणीत नाही आणि मराठीच्या शिकवणीतही क्वचितच. म्हणून यंत्र त्याचे दोन तुकडे करतं, आणि एकदा ‘चा’ लिहिलं की पुढचं ‘वाटलं’सुद्धा त्याच्या मागोमाग ‘वाटला’ होऊन बसतं. शेवटचं ‘नाही’ मात्र आवाजातच हरवतं. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या टोकाला येतो आणि टोकाला बोलणाऱ्याचा आवाज खाली जातो. त्यात मागे पंप चालू असला की काम झालंच.

मला यातली ‘केली’ फारशी घातक वाटत नाही, कारण ती वाचणाऱ्याला लगेच खटकते. ‘सोडायचं’ खटकत नाही. म्हणूनच नुसता मजकूर वाचून केलेली दुरुस्ती अपुरी पडते, आवाज लावूनच तपासावं लागतं. वेळ कमी असेल तर निदान वाक्यांचे शेवट, आकडे आणि मापं (दीड, अडीच, पावणेदोन), औषधांची नावं आणि शांततेच्या जागा ऐका. कुणी बोलत नसतानाही यंत्र कधीकधी अख्खं वाक्य रचून टाकतं.

पण अर्धी दुरुस्ती आधीच होऊ शकते. माइक कॉलरला लावा, पंप बंद करा आणि भाषा मराठी आहे हे स्वतः सांगा. यूट्यूबवर ती व्हिडिओच्या माहितीत निवडता येते. संगणकावर व्हिस्पर चालवणाऱ्याला विषयातले शब्दही आधी सुचवता येतात :

```
whisper bag.mp3 --model large --language mr \
  --initial_prompt "केळी, ड्रिपचं प्रेशर, फिल्टर, ॲसिड" \
  --output_format srt
```

सुचवलेल्या शब्दांचा प्रभाव सुरुवातीला जास्त असतो. लांब व्हिडिओत तो पुढे ओसरतो.

हाती येणारी एसआरटी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. क्रमांक, वेळ आणि मजकूर, एवढंच त्यात असतं :

```
14
00:01:15,400 --> 00:01:17,600
लगेच ॲसिड सोडायचं नाही.
```

वेळेच्या ओळीतला स्वल्पविराम आणि दोन नोंदींमधली रिकामी ओळ तशीच ठेवा, नाहीतर फाइल चालत नाही. जतन करताना UTF-8 निवडा, म्हणजे देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येणार नाहीत. ‘नाही’ ऐकू येण्याआधीच ओळ पडद्यावरून जात असेल, तर दुसरी वेळ थोडी पुढे सरकवा.

बोलणाऱ्याची बोली मात्र सुधारू नका. तो ‘उघडून बघा’ म्हणाला असेल तर ‘उघडून पाहावे’ लिहायचं नाही, आणि ‘ड्रिप’च्या जागी ‘ठिबक सिंचन’ही घालायचं नाही. ज्याला ऐकू येत नाही, त्यालाही त्या शेतकऱ्याचेच शब्द मिळायला हवेत. त्याच्यासाठी यंत्राने न लिहिलेली एक गोष्ट आपण हाताने भरायची : पंप सुरू झाला, तिथे चौकटी कंसात [पंपाचा आवाज].